जाळ्यांची खरेदी कोण बघतं

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला पहिली कायमची नोकरी लागली, तीही मराठी येतं म्हणून. कुंभकोणम्‌मध्ये मराठी येण्याचा कुणाला काही उपयोग झाल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आले. घरात आम्ही अजून तीच भाषा बोलतो. उंबरा ओलांडला की तमिळ. ही जी मराठी मी आत्ता लिहिते आहे ती छापील पुस्तकं वाचून आणि पुढे या नोकरीत रोज पत्रं लिहून कमावलेली. बोलायला लागले की माझं ‘जालें’ आणि ‘तुम्हांस’ अजून मध्येच डोकावतं.

त्याआधी मी मेलकावेरी भागात घरीच टायपिंग शिकवायचे. शिकायला येणारे कमी होत होत एके वर्षी कुणीच आलं नाही. तेव्हा तिरुनागेश्वरम्‌च्या रस्त्यावरच्या एका लहान कारखान्यात पत्रव्यवहारासाठी बाई हवी आहे, असं कळलं. तिथे राइस मिलसाठी लागणाऱ्या पोलादी जाळ्या तयार होतात. तांदूळ पॉलिश करणाऱ्या यंत्रात एक जाळी असते, तिच्या भोकांतून कोंडा खाली पडतो. अखंड तांदूळ आणि कणी वेगळी करणारी जाळी आणखी निराळी. भोक केसभर मोठं झालं तर चांगला दाणाही कोंड्याबरोबर जातो, लहान झालं तर यंत्र तापतं. हे मला मालकांनी पहिल्याच दिवशी एक जाळी उजेडासमोर धरून दाखवलं होतं.

मालक तमिळ, माझ्याहून थोडे लहान, मला ‘अम्मा’ म्हणायचे. आमच्या भागातल्या गिरण्यांना जाळ्या पुरवून झाल्यावर त्यांचं लक्ष महाराष्ट्राच्या पूर्वेकडच्या धानपट्ट्याकडे, गोंदिया-भंडाऱ्याकडे गेलं होतं. तिथे गिरण्या पुष्कळ, पण मालकांची इंग्रजी पत्रं तिकडे कुणी वाचत नव्हतं. म्हणून मी.

नोकरीला लागून चार महिने झाले असतील. कोइमतूरच्या यंत्रप्रदर्शनाहून मालक एक कार्ड घेऊन आले. गोंदियाकडच्या एका मोठ्या गिरणीच्या खरेदी अधिकाऱ्याने आमच्या गाळ्यावर उभं राहून बराच वेळ जाळ्या हाताळल्या होत्या, भोकांच्या कडांवरून नख फिरवून पाहिलं होतं आणि जाताना स्वतःहून कार्ड दिलं होतं. “पत्र पाठवा” म्हणाला होता. पण ही गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनातली निघाली. कार्ड मालकांच्या जुन्या पिशवीत राहून गेलं होतं आणि यंदा तीच पिशवी उघडताना हाती लागलं.

मी मराठीत चार-पाच ओळींचं पत्र लिहिलं. आम्ही कोण, ओळख कुठे झाली, जाळ्या कुठल्या मापांच्या, आणि शेवटी, पत्र नको असेल तर तसं एका ओळीत कळवा, पुन्हा लिहिणार नाही. ही शेवटची ओळ मालकांना आवडत नसे. नाही म्हणायचा रस्ता आपणच का दाखवायचा, असं ते विचारायचे. पण त्यांनी ती कधी खोडायला लावली नाही. त्यांच्याबद्दल मला जे बरं वाटतं त्यात हे पहिलं.

पत्र कार्डावरच्या ई-मेलला पाठवलं आणि चहाचा पेला उचलेपर्यंत परत आलं.

टायपिंग शिकवणाऱ्या बाईला पहिली शंका स्वतःच्या बोटांची येते. कार्डावरचं एकेक अक्षर मी पडद्याशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. मग परतीच्या निरोपातला बारीक इंग्रजी मजकूर वाचला. तोपर्यंत मी असे निरोप न वाचताच पुसत असे. पण त्यात कारण लिहिलेलं असतं. पेटी भरली असेल तर तसं, त्या नावाचा माणूस तिथे नसेल तर तसं. पेटी भरलेली असेल तर थांबून पुन्हा पाठवता येतं, माणूसच नसेल तर पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही. इथे तिसरंच होतं. ‘@’ या खुणेच्या पुढचा भाग, म्हणजे गिरणीचा स्वतःचा पत्ता, तोच आता अस्तित्वात नव्हता. माणसाबद्दल त्या निरोपातून काहीच कळत नव्हतं.

इंटरनेटवर शोधलं तेव्हा त्या गिरणीची नवी वेबसाइट सापडली. नाव थोडं बदललेलं, पत्त्याचा शेवटही निराळा. तीच गिरणी की तशाच नावाची दुसरी, हे कळायला मार्ग एकच होता. कार्डावरचं गाव आणि कचेरीचा फोन नंबर वेबसाइटवरच्याशी जुळवून पाहिला. दोन्ही तेच. मला फार हुशार झाल्यासारखं वाटलं. मग मी जे केलं ते हुशारीचं नव्हतं. वेबसाइटवर त्या अधिकाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं, तरी मी त्याचं नाव नव्या पत्त्याला जोडलं आणि पत्र पाठवून दिलं.

ते परत आलं नाही. मालक खूष झाले. लागलीच जाळ्यांच्या मापांचा नकाशाही पाठवा म्हणाले. मी म्हटलं, आधी उत्तर येऊ दे.

आठवडा गेला, उत्तर नाही. पत्ता खरा की खोटा ते तपासून सांगणारी एक सोय इंटरनेटवर असते, तिच्यात मी तो पत्ता घालून पाहिला. तिने सांगितलं की ही गिरणी कुठल्याही नावाने आलेलं पत्र ठेवून घेते, तेव्हा हा पत्ता खरा की खोटा ते सांगता येत नाही. म्हणजे मी रावणाच्या नावाने पाठवलं असतं तरी ते परत आलं नसतं. पत्र परत न येणं म्हणजे पोचणं नव्हे, हे मला त्या दिवशी समजलं. मालकांना समजावून सांगताना मीच ओशाळले.

धान निघायला आलं होतं. एकदा गिरण्या सुरू झाल्या की नवीन जाळी लावून बघायला कुणाला सवड नसते, म्हणून मालक घाईत होते. गावातला एक माणूस पत्त्यांच्या याद्या विकायचा. तो येऊन बसला. महाराष्ट्रातल्या सगळ्या गिरणीवाल्यांचे ई-मेल आणि मोबाइल, एका फाइलमध्ये. हे त्यांनी तुम्हाला दिले का, असं मी विचारलं, तर तो हसला. मालकांनी त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. पण तेही अस्वस्थ होते. त्यांनी दुसऱ्या बाजूने खटपट केली. यंत्रं विकणारा त्यांचा एक ओळखीचा नागपुराकडे फिरायचा. त्याच्याकडून त्यांनी त्या खरेदी अधिकाऱ्याचा घरचा नंबर आणला आणि कागदाच्या चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवला.

“अम्मा, लावून बघा. माणूस बोलला की मिटलं.”

मला तेव्हाच नको वाटत होतं. त्या माणसाने आम्हाला कार्ड दिलं होतं, घरचा नंबर दिला नव्हता. पण नोकरी नवीन होती, आणि आधीच्या चुकीची लाज ताजी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नंबर लावला. दोनदा वाजला. पलीकडे कुणीतरी उचलायला येत असेल, ओले हात पुसत, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी फोन ठेवून दिला.

ठेवल्यावर बरं वाटलं असं नाही. मालकांना काय सांगायचं हा प्रश्न होताच. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं की घरी फोन करण्यापेक्षा गिरणीच्या कचेरीत करते, तो नंबर त्यांनी स्वतःच छापलेला आहे, आणि आपण कोण ते सांगून सरळ विचारते. त्यांना पटलं असं वाटलं नाही. तिथे टेलिफोनवर बसणारे विकणाऱ्यांना टाळण्यासाठीच बसवलेले असतात, असं ते म्हणाले. आणि मग म्हणाले, करा.

कचेरीत एका बाईंनी फोन उचलला. मी घाबरले की घरची मराठी बोलते, त्यातही बाहेरच्या माणसाशी. पुस्तकी मराठी त्या क्षणाला कुठे पळाली कोण जाणे.

“तुम्ही कोठून बोलून राहिल्या?” त्यांनी विचारलं.

कुंभकोणम्‌हून, तामिळनाडूतून, म्हटल्यावर त्यांना ती थट्टा वाटली. आमच्याकडच्या मराठीची गोष्ट मला थोडक्यात सांगावी लागली. त्या म्हणाल्या, माझी आजेसासू अशीच काहीशी बोलायची, फक्त तुम्ही फार सावकाश बोलता. त्यांची बोलीही मला नवी होती. आम्ही दोघी एकमेकींचं बोलणं जरा जपूनच ऐकत होतो, नव्या माणसाच्या हातचं जेवताना होतं तसं.

मग मी काम सांगितलं. आम्ही जाळ्या तयार करतो, विकायच्या आहेत म्हणूनच फोन केला आहे, दोन वर्षांपूर्वी तुमच्या खरेदी अधिकाऱ्यांनी कार्ड दिलं होतं, त्यावरचा पत्ता आता चालत नाही. जाळ्यांची खरेदी सध्या कोण बघतं, आणि त्यांना लिहायला कचेरीचा कुठला पत्ता चालेल, एवढंच हवं आहे.

त्यांचा आवाज लगेच बदलला. ते साहेब आता नाहीत इथे, म्हणाल्या. गेले का, असं मला विचारवेना. मग त्यांनीच सांगितलं. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता घरी असतात. बोलणं गेलं आहे.

“आणि लोक अजून त्यांच्या घरी फोन करतात,” त्या म्हणाल्या. “कोणी जाळ्यांसाठी, कोणी यंत्राच्या पट्ट्यांसाठी. त्यांच्या मिसेस, काकू, धावत येऊन फोन उचलतात. त्यांना वाटते मुलाचा असंन. असे रोजचे. नंबर कोण देते माहीत नाही. म्हणून मी आता कोणालेच काही सांगत नाही.”

चिठ्ठी माझ्यासमोरच होती. काही न बोलता आभार मानून फोन ठेवता आला असता. त्यांना कधी कळलंही नसतं.

“आज सकाळची एक रिंग माझी होती,” मी म्हटलं. “दोनदा वाजली आणि मी ठेवली. नंबर आम्हांस दुसऱ्याकडून मिळाला होता. चूक जाली.”

मागे कुठेतरी गिरणीची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, संपलं. मालकांना काय उत्तर द्यायचं ते मी मनात जुळवायलाही लागले होते.

“तुम्ही दुकानदार असून सांगून राहिल्या हे,” त्या शेवटी म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तो नंबर फाडून टाका बाई.”

मी फाडते म्हटलं आणि त्यांच्याशी बोलता बोलताच चिठ्ठी फाडली. फोनमधूनही पुसला. त्या म्हणाल्या की खरेदी आता गिरणीमालकांच्या सूनबाई बघतात. त्यांचा ई-मेल आपल्याला माहीत आहे, पण त्यांना विचारल्याशिवाय देणार नाही, असंही म्हणाल्या. मी म्हटलं, विचाराच, आणि त्या नको म्हणाल्या तर तसंच सांगा, मी पुन्हा फोन करणार नाही. माझं नाव, कारखान्याचं नाव आणि आमचा नंबर त्यांनी लिहून घेतला. मी आधी अंदाजाने पाठवलेल्या पत्राचंही सांगितलं. त्या हसल्या. चुकीच्या नावाची पत्रं सगळी एका पेटीत पडतात आणि ती पेटी गिरणीत कुणी उघडत नाही, असं त्यांच्याकडून कळलं.

मालकांना मी सगळं सांगितलं, फाडलेल्या चिठ्ठीसकट. नंबर त्यांनी आणला होता, म्हणून रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्चीवर बसले आणि त्यांच्या वडिलांना शेवटची दोन वर्षं बोलता येत नव्हतं ते सांगू लागले. घरात फोन वाजला की वडील हात हलवायचे, कुणीतरी उचला म्हणून. मग ते उठले, नागपुराकडे फिरणाऱ्या त्या ओळखीच्याला फोन केला आणि तो नंबर आणखी कुणाला देऊ नकोस, असं त्याला तमिळमध्ये, जरा चढ्या आवाजात सांगितलं. त्या घरचे फोन त्यामुळे थांबले की नाही मला माहीत नाही. निदान एक दार बंद झालं.

तीन दिवस काही आलं नाही. मी पुन्हा फोन केला नाही. माझा हात मात्र रोज जायचा. चौथ्या दिवशी दुपारी कारखान्याचा फोन वाजला आणि त्याच बाईंचा आवाज आला. सूनबाईंनी पत्ता द्यायला होकार दिला होता. त्यांनी एकेक अक्षर सांगितलं, मी लिहिलं, मग मी परत वाचून दाखवलं. एका ठिकाणी मी ‘एन’ ऐकला होता, तो ‘एम’ होता. “मुंगीतला,” त्या म्हणाल्या. तेवढ्या एका अक्षरापायी पत्र पुन्हा त्याच न उघडणाऱ्या पेटीत गेलं असतं आणि मी पुन्हा आठवडाभर उत्तराची वाट बघत बसले असते.

त्या दिवशीचं पत्र मी फार जपून लिहिलं. पहिल्याच ओळीत पत्ता कुणाकडून मिळाला ते सांगितलं. हा पत्ता या कामासाठी योग्य आहे का तेवढं कळवावं, माहिती मग पाठवते, असं लिहिलं. नकाशा जोडला नाही. शेवटची ओळ नेहमीची ठेवली.

संध्याकाळी बसथांब्यावर उभी असताना उत्तर आलं. तिरुनागेश्वरम्‌हून भाविकांनी भरून आलेली बस मी सोडली, कारण त्या गर्दीत वाचता आलं नसतं. दोन ओळी होत्या. पत्ता बरोबर आहे, जाळ्या मीच बघते. या हंगामाची खरेदी झाली आहे, होळीनंतर लिहा.

मालकांना हा नकार वाटला. मला तसं वाटलं नाही. एका माणसाने मला त्याच्या दाराशी कधी यायचं ते सांगितलं होतं. मी वहीत लिहून ठेवलं आणि होळीपर्यंत एक अक्षर पाठवलं नाही. मधे दिवाळी गेली, पोंगल गेला. शुभेच्छा पाठवायलाही मालकांनी दोनदा सुचवलं. मी म्हटलं, होळीनंतर म्हणाल्यात.

होळीच्या पुढच्या आठवड्यात लिहिलं. मापं विचारली, नकाशा पाठवला. त्यांनी त्यांच्या पॉलिशरची एक जुनी, झिजलेली जाळी कुरियरने आमच्याकडे पाठवली, तिच्यावरून आम्ही दोन नव्या तयार केल्या. पुढच्या हंगामात त्या लागल्या. मग आणखी मागवल्या. आज त्या पट्ट्यातल्या सात गिरण्यांशी माझा पत्रव्यवहार आहे आणि त्यातल्या तीन ठिकाणी आमचं नाव सूनबाईंनीच सांगितलं. प्रत्येक वेळी त्यांनी आधी तिथल्या माणसाला विचारलं आणि मग मला कळवलं. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं.

माझी पद्धत तेव्हापासून ठरून गेली. पत्र परत आलं की कारण वाचते. माणसांनी स्वतः छापलेलं तेवढंच वापरते. कचेरीत फोन करते, मी कोण आणि का ते पहिल्या वाक्यात सांगते. कुणी नको म्हटलं तर वहीत ‘नको’ लिहिते, म्हणजे माझ्यानंतर या टेबलावर बसेल तिनेही पुन्हा विचारू नये. कामाला उशीर लागतो. मालकांनी उशिराबद्दल मला कधी बोल लावला नाही.

टेलिफोनवरच्या त्या बाईंना मी अजून पाहिलेलं नाही. पहिल्या मोठ्या मागणीनंतर मी त्यांना गिरणीच्या पत्त्यावर आमच्याकडची कॉफीची पूड आणि पितळेचा फिल्टर पाठवला. आधी फोन करून, पाठवू का, असं विचारलं होतं. त्यांना थोडा संकोच वाटला, मग पाठवा म्हणाल्या. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. पुडीचा त्यांनी चहासारखा उकळून काढा केला होता आणि घरातल्या कुणाच्यानेही तो पिववला नव्हता. मी फिल्टर कसा लावायचा ते सांगू लागले. पूड वरच्या भांड्यात, दाबायची नाही फार, गरम पाणी सावकाश ओतायचं, आणि मग वाट बघायची. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं, आणि लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं.